निवासी दाखला: मॉरिशसपासून एनआरओ खात्यापर्यंत

कर-निवासी दाखला म्हणजे ‘ही व्यक्ती आमच्या देशाची कर-निवासी आहे’ असे त्या देशाच्या कर खात्याने दिलेले पत्र. किती कर भरला, हे त्यात नसते. एवढ्याशा कागदाला भारतात वजन कसे आले, ते पाहा.

1982 मध्ये भारत आणि मॉरिशस यांच्यात करार झाला. मॉरिशसच्या निवाशाने भारतीय शेअर विकून नफा कमावला, तर कर मॉरिशसने लावायचा, असे ठरले. मॉरिशस असा कर लावतच नव्हता! मग तिसऱ्याच देशांतले गुंतवणूकदार तिथे कंपनी काढून भारतात येऊ लागले. आयकर अधिकाऱ्यांनी या कंपन्यांना नोटिसा दिल्या, तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 13 एप्रिल 2000 रोजी परिपत्रक क्र. 789 काढले: मॉरिशसचा दाखला निवासाचा पुरेसा पुरावा मानावा. दिल्ली उच्च न्यायालयाने ते 2002 मध्ये रद्द केले. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आझादी बचाओ आंदोलन’ खटल्यात ते वैध ठरवले. शेअरविक्रीच्या नफ्याची सवलत 2016 च्या दुरुस्तीने 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरपुरती काढली गेली.

त्याआधी 2012 च्या वित्त अधिनियमाने 1961 च्या आयकर कायद्यात कलम 90(4) घातले. कराराचा लाभ हवा असेल, तर दाखला सक्तीचा झाला. माझ्या मते, कंपन्यांवरून पेटलेल्या वादाची झळ इथे साध्या नोकरदारालाही लागली.

समजा, तुमची मावशी लंडनला नोकरी करते आणि भारतातल्या एनआरओ ठेवीवर तिला 1,00,000 रुपये व्याज मिळाले. दाखला नसेल, तर बँक 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31,200 रुपये कापते. करारातला दर 15 टक्के आहे. दाखला आणि ठरलेला फॉर्म दिल्यास 15,000 च कापले जातात.

पुढे ब्रिटन याच व्याजावर, समजा 40 टक्के दराने, 40,000 रुपये कर काढतो आणि भारतात भरलेला कर वजा करतो. पण करारातल्या दरापुरताच, म्हणजे 15,000. उरलेले 25,000 मावशी भरते. दाखला असता एकूण कर 40,000 होतो, नसता 56,200. जादा 16,200 ब्रिटन सोडत नाही. ते भारतात विवरणपत्र भरूनच परत मागावे लागतात.

नेहमीची चूक असते तारखांची. ब्रिटनचे करवर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल, आपले 1 एप्रिल ते 31 मार्च. त्यामुळे एका ब्रिटिश वर्षाच्या दाखल्यात आपल्या वर्षाचे पहिले पाच दिवस येत नाहीत, आणि व्याज नेमके त्या दिवसांत जमा झाले असेल, तर बँक मागच्या वर्षाचाही दाखला मागू शकते.