नायट्रोजनच्या जागी कोण? : पॅरा-टोल्युइडीनचे उदाहरण

टोल्युइनवर थेट क्लोरीन सोडला, तर ऑर्थो आणि पॅरा या दोन्ही क्लोरोटोल्युइनांचे मिश्रण मिळते. त्यांचे उत्कलनबिंदू सुमारे १५९° आणि १६२° से. असल्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने ती वेगळी होत नाहीत. नायट्रोटोल्युइनांचे तसे नाही. त्यांच्या उत्कलनबिंदूंत सुमारे १६ अंशांचे अंतर असते, शिवाय नेहमीच्या तापमानाला पॅरा घन आणि ऑर्थो द्रव असते. म्हणून आधी पॅरा-नायट्रोटोल्युइन वेगळे करायचे, क्षपणाने त्याचे पॅरा-टोल्युइडीन बनवायचे आणि मग अमिनो गटाच्या जागी क्लोरीन बसवायचा. या मार्गात नायट्रोजन वलयावरची जागा राखून ठेवतो आणि वेळ आली की वायू होऊन निघून जातो. तो कधी जाईल आणि रिकाम्या जागी कोण बसेल, यावर आपला ताबा किती, हाच सगळ्या पद्धतीचा गाभा आहे.

डायझोटीकरण

पॅरा-टोल्युइडीन १०.७ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल घ्यावे. २७ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तितकेच पाणी यांत ते गरम करून विरघळवावे. मग ढवळत बर्फात थंड करावे, म्हणजे हायड्रोक्लोराइडचे बारीक स्फटिक पडतात. त्यात ७ ग्रॅम सोडियम नायट्राइटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावे आणि तापमान ०° ते ५° से. या मर्यादेत ठेवावे.

आम्ल सुमारे तीन मोलांच्या प्रमाणात का? एक मोल अमाइनचा क्षार करण्यात खर्च होतो आणि एक नायट्राइटमधून नायट्रस आम्ल मुक्त करण्यात. उरलेले आम्ल संरक्षणासाठी असते. ते कमी पडले, तर काही अमाइन मोकळे राहते, तयार झालेल्या डायझोनियमवर तेच हल्ला करते आणि डायझोअमिनो संयुगाचा पिवळा साका दिसू लागतो.

शेवट ओळखण्यासाठी स्टार्च-आयोडाइड कागद वापरावा. नायट्राइट घातल्यावर काही मिनिटे थांबून घेतलेल्या थेंबाने कागद लगेच निळा झाला, तर नायट्रस आम्ल शिल्लक आहे, म्हणजे अमाइन संपले आहे. जादा नायट्रस आम्ल थोड्या युरियाने नष्ट करावे.

क्लोरीनची स्थापना

डायझोनियमभोवती पाणी असतेच. तापमान वाढले की नायट्रोजन निघतो आणि पाण्यातून आलेला हायड्रॉक्सिल गट जागा घेतो, म्हणजे पॅरा-क्रेसॉल बनते. क्लोराइड आयन द्रावणात भरपूर असूनही या स्पर्धेत मागे पडतो. झांडमायर यांनी १८८४ मध्ये दाखवले, की क्युप्रस क्षार असला तर निकाल बदलतो. एकसंयुजी तांबे डायझोनियमला एक इलेक्ट्रॉन देते, नायट्रोजन सुटतो आणि वलयावर मुक्त मूलक उरतो. हा मूलक द्विसंयुजी झालेल्या तांब्याकडून क्लोरीन घेतो आणि तांबे पुन्हा एकसंयुजी होते.

म्हणून सुमारे १२ ग्रॅम ताजे क्युप्रस क्लोराइड संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून थंड करावे आणि त्यात डायझोनियमचे गार द्रावण ढवळत ओतावे. क्युप्रस क्लोराइड पांढरे असावे. हिरवे पडले असल्यास हवेने त्याचे ऑक्सिडीकरण झाले आहे. ओतल्यावर जाडसर संकुल वेगळे होते आणि खोलीच्या तापमानाला येताना त्यातून नायट्रोजन सुटतो. ०.१ मोलामागे तो सुमारे अडीच लिटर भरतो, म्हणून भांडे कधीही बंद करू नये. शेवटी ६०° पर्यंत तापवून वाफेबरोबर ऊर्ध्वपातन करावे. आलेले तेल अल्कलीने धुतले की क्रेसॉल निघून जाते. मग तेल पाण्याने धुऊन, वाळवून, १५८°–१६२° दरम्यान गोळा करावे. उत्पादन साधारण नऊ ते दहा ग्रॅम, म्हणजे सिद्धान्तानुसार अपेक्षित १२.७ ग्रॅमच्या सुमारे तीन चतुर्थांश, मिळते.

इतर पाहुणे

आयोडीनसाठी तांबे लागत नाही. आयोडाइड आयन स्वतःच इलेक्ट्रॉन देऊ शकतो, म्हणून पोटॅशियम आयोडाइड पुरते.

सायनो गटासाठी क्युप्रस सायनाइड वापरतात. पण डायझोनियमचे द्रावण आम्लधर्मी असते आणि सायनाइडशी आम्ल भेटले की प्राणघातक हायड्रोजन सायनाइड सुटतो. त्यामुळे ते द्रावण आधी थंड असतानाच सोडियम कार्बोनेटने उदासीन करावे लागते आणि काम धूरकपाटातच करावे लागते.

हायड्रॉक्सिल हवा असेल, तर डायझोटीकरण सल्फ्यूरिक आम्लात करतात, कारण क्लोराइड असल्यास थोडे क्लोरो संयुगही बनते. द्रावण उकळत्या विरल सल्फ्यूरिक आम्लात हळूहळू सोडतात. त्यामुळे न फुटलेले डायझोनियम फार साचत नाही आणि आम्लामुळे फिनॉलशी त्याची जोडणी होऊन रंगीत ॲझो संयुग बनणेही आवरते.

एक नियम मात्र सर्वांना लागू आहे. डायझोनियम क्लोराइड कोरडे करू नये. वाळलेला क्षार धक्क्याने किंवा उष्णतेने स्फोट पावतो. भांड्याच्या काठावर वाळलेला पापुद्राही धोक्याचाच, म्हणून द्रावण गार आणि ओले ठेवावे आणि तयार केल्या दिवशीच संपवावे.