शिलकेचा साप्ताहिक कागद

दादरच्या रानडे रोडवर भाजणी, पापड, मेतकूट विकणाऱ्या दुकानाला संगणक आज दर आठवड्याला साठ्याचा चार-पाच पानी अहवाल काढून देऊ शकतो. जुन्या पिढीला असा कागद लागतच नव्हता. रोजकीर्द आणि खतावणीत हिशेब असायचा तो पैशांचा. माल समोर फळीवर दिसायचा आणि तो नीट मोजला जायचा वर्षातून एकदा, दिवाळीत वहीपूजनाच्या आधी. अखेरची शिल्लक कळल्याशिवाय नफा काढणार कसा?

१९४३ साली मुंबईत शिधावाटप आलं आणि मालाचा हिशेब सरकारला दाखवायची वेळ आली. आरंभीची शिल्लक, आवक, विक्री, अखेरची शिल्लक हे रेशन दुकानातले रकाने आजही त्या अहवालाचा कणा आहेत. १९४८ मध्ये नायगावात कामगारांचं सहकारी भांडार उभं राहिलं, तेच पुढे ‘अपना बाजार’ झालं. मालक म्हणजे सभासद आणि गल्ल्यावर पगारी माणूस, अशा ठिकाणी नजरेच्या अंदाजावर भागत नाही. वहीतली शिल्लक आणि फळीवरची शिल्लक यांतला फरक, म्हणजे घट, कोणाला तरी समजावून सांगावा लागतो.

सगळंच मोजत बसू नका, हे अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये मांडलं. ज्या थोड्या वस्तूंत बहुतेक पैसा आहे त्या ‘अ’ गटात, त्यांच्यावर रोजची नजर, बाकीच्यांवर सवडीने.

छोट्या दुकानाला माझ्या मते घटीखेरीज दोनच आकडे पुरेत. पहिला, माल किती आठवडे पुरेल. समजा, भाजणीची ३० पाकिटं शिल्लक आहेत आणि आठवड्याला २० जातात, म्हणजे दीड आठवडा. गृहउद्योगाकडून माल यायला आठवडा लागत असेल, तर मागणी आजच द्यायची. दुसरा आकडा मुदतीचा. पोह्याच्या पापडांचे ६० पुडे आहेत, आठवड्याला ३ खपतात आणि मुदत १२ आठवड्यांची आहे. खपतील ३६, उरलेल्या २४ पुड्यांचा भाव आत्ताच उतरवायला हवा, मुदत संपताना नव्हे.

मात्र ‘आठवड्याला २०’ हाच आकडा फसवा असू शकतो. माल तीन दिवसांत संपला आणि पुढचे तीन दिवस फळी रिकामी राहिली, तर ती २० तीन दिवसांची विक्री. खरी मागणी ४० च्या आसपास. म्हणून माल किती दिवस नव्हता, हे विक्रीशेजारी लिहिलेलं हवं.

उपवासाच्या भाजणीत आणखी एक खोच आहे. संगणक गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना करतो. २०२४ च्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात श्रावण सुरू होता. २०२३ मध्ये त्याच आठवड्यात अधिक मास चालला होता आणि निज श्रावण १७ ऑगस्टला लागला. तिथे तारीख सोडून तिथी धरायची, आणि हे काम कालनिर्णय समोर ठेवून मालकालाच करावं लागतं.