रक्तक्षय : लोहन्यूनताजन्य, मेगॅलोब्लास्टिक व सिकलसेल

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात तीन स्त्रिया दाखल आहेत आणि तिघींचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅम आहे. आकडा एकच, पण शुश्रूषा वेगळी.

पहिलीच्या लाल पेशी लहान व फिकट आहेत. तिला लोह कमी पडते. परिचारिका तिला लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला आणि चहा तासभर पुढे ढकलायला सांगते. शौचास काळी होईल, हेही आधीच सांगावे. नाहीतर घाबरून गोळ्या बंद होतात.

दुसरीच्या पेशी मोठ्या, जीभ गुळगुळीत, पायांना मुंग्या. शाकाहारी घरात बहुधा बी-१२ ची उणीव निघते. नुसते फॉलिक ॲसिड दिल्यास रक्त सुधारते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. पालेभाजीत बी-१२ नसते. दूध, दही आणि चालत असल्यास अंडी, मासळी सुचवावी. तोल जातो, म्हणून चालताना आधार द्यावा.

तिसरीला सिकलसेल. हा दोष आनुवंशिक, आहाराने जात नाही. ८ ग्रॅम हे तिचे नेहमीचेच प्रमाण असू शकते, म्हणून केवळ आकडा पाहून रक्त चढवत नाहीत. वेदनाशामक वेळेवर, भरपूर पाणी व ऊब द्यावी. ताप आल्यास तातडीने डॉक्टरांना कळवावे. तपासणीत लोह कमी आढळल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत, कारण वारंवार रक्त घेतलेल्यांच्या शरीरात ते आधीच साठलेले असते.