पेपरात नसलेला आकडा कसा मागायचा?

कर्जतला विंचूदंश नवा नाही. रायगडमधल्याच महाडला बावस्कर डॉक्टर दांपत्याने केलेली चाचणी 2011 मध्ये बीएमजेत आली. 10 तासांत पूर्ण बरे झाले: प्राझोसिन आणि प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32, फक्त प्राझोसिन दिलेल्या 35 पैकी 8. अनेक चाचण्यांची एकत्र बेरीज, म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस करताना असे आकडे थेट वापरता येतात.

पण एखाद्या पेपरात नुसतं ‘लवकर बरे झाले’ असेल तर? पत्रव्यवहारासाठी नाव दिलेल्या लेखकाला मी असं लिहीन:

“सर, दोन्ही गटांचे तीन आकडे हवेत: किती रुग्ण मोजले, बरं व्हायला सरासरी किती तास लागले, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन. मध्येच सोडून गेलेले किती, तेही कळवाल का? रुग्णांची नावं नकोत.”

नुसतं ‘डेटा पाठवा’ म्हटलं, तर समोरच्याला काय शोधायचं तेच कळत नाही. उत्तर आलंच नाही, तर ‘आकडे मिळाले नाहीत’ अशी नोंद ठेवायची. गाळलेले निकाल वाईट असतील, तर औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.