वयाची वजाबाकी आणि एका शाळेची तारीख

जयंती-पुण्यतिथीला निघणाऱ्या पत्रकांत थोर माणसांची लहान चरित्रटिपणे छापलेली असतात. ती वाचताना आपण भक्तिभावाने मान डोलावतो, पण त्यातली सालेच एकमेकांशी भांडत असली तर ते आपल्या ध्यानात येत नाही. आज मी जोतीराव फुल्यांच्या चरित्रातली एकच जागा घेणार आहे. त्यासाठी ग्रंथालयाची पायरी चढावी लागत नाही. कागद, पेन्सिल आणि वजाबाकी एवढे पुरते.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा आणि सावित्रीबाईंचा ३ जानेवारी १८३१ चा, असे टिपणात असते. पुढे असते की १८४८ मध्ये एका मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. त्यातून त्यांच्या मनाने घेतले. ते अहमदनगरला जाऊन मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून आले. आणि मग पुण्यात भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. शाळेची तारीख १ जानेवारी १८४८. त्या वेळी जोतीराव २१ वर्षांचे, सावित्रीबाई १७ वर्षांच्या.

आता कागदावर तीन रकाने आखा : दिवस, जोतीरावांचे वय, सावित्रीबाईंचे वय. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीरावांना एकविसावे पुरायला तीन महिन्यांहून अधिक अवकाश होता, म्हणजे पुरी वर्षे २०. सावित्रीबाईंना सतरा पुरायला अवघे दोन दिवस कमी, म्हणजे पुरी वर्षे १६. दोन्ही वये चुकली! काही चरित्रांत शाळेचा महिना ऑगस्ट दिलेला असतो. तो धरला तर २१ आणि १७ अगदी बरोबर बसतात. लगेच वाटते, लागला निकाल.

पण थांबा. आपल्याकडे वय दोन तऱ्हांनी सांगतात. ‘एकवीस वर्षांचा’ म्हणजे एकवीस पुरी झालेला. ‘एकविसाव्या वर्षी’ म्हणजे वीस पुरून एकविसावे चालू. चालू वर्षाने मोजले तर १ जानेवारीला जोतीरावांना एकविसावे आणि सावित्रीबाईंना सतरावे, म्हणजे तेच आकडे जानेवारीलाही बसतात. आणि याहून मोठा संशय वेगळाच आहे. १८४८ मधून १८२७ वजा करा : २१. १८३१ वजा करा : १७. टिपण लिहिणाऱ्याने सालातून साल वजा करून वय काढले असेल, तर ते वय हा स्वतंत्र साक्षीदार राहत नाही; तो जन्मसालाचाच प्रतिध्वनी असतो. कामगारांच्या निवृत्तीच्या तंट्यांत मी हे पुष्कळ पाहिले आहे. निम्म्या जणांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकलेली! पुढचे दहा कागद तीच तारीख सांगतात, म्हणून ते दहा पुरावे होत नाहीत.

तेव्हा वयांना बाजूला ठेवू आणि क्रमाकडे वळू. येथे मात्र मोजणीच्या तऱ्हेचा आडोसा नाही. वर्षाच्या पहिल्याच दिवशी शाळा निघाली असेल, तर त्याच वर्षी घडलेला अपमान तिच्या आधीचा असूच शकत नाही. मध्ये विचाराला लागणारे दिवस आणि नगरचा प्रवास बसवायचा, तो वेगळाच. म्हणून ‘वरात १८४८ ची’, ‘शाळा १ जानेवारीची’ आणि ‘वरातीमुळे शाळा’ ही तीन विधाने एका टिपणात एकत्र नांदू शकत नाहीत. कोणतेही एक सोडले की उरलेली दोन जुळतात.

कोणते सोडायचे, हे वजाबाकी सांगत नाही. शाळा ऑगस्टची मानली तर कथा सुरळीत होते, पण कथा सुरळीत झाली म्हणून तारीख खरी ठरत नाही. वरात १८४७ ची असू शकेल. आणि तिसरी वाट अशी की शाळेचा विचार अपमानाच्या आधीपासूनच पिकत होता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव १८४१ ते १८४७ शिकले, हे टिपणातच लिहिलेले असते. ती वाट खरी निघाली, तर शाळा ही दुखावलेल्या मनाची प्रतिक्रिया राहत नाही, ती शिकलेल्या तरुणाने विचाराने उचललेले पाऊल ठरते. माणूस कसा होता याचे चित्रच त्यामुळे बदलते. मला तरी हा वाद नुसत्या तारखेचा वाटत नाही.

एवढे मात्र खरे की १८४८ या सालाला या भांडणात कुठे धक्का लागत नाही. भांडण महिन्याचे आहे. ते मिटवायला त्या काळातला, शाळा चालू असताना लिहिलेला कागद हवा. पन्नास वर्षांनी आठवून लिहिलेला, किंवा अशा टिपणावरून उतरवून घेतलेला, चालणार नाही. आणि असा कागद हाती आला की त्यालाही याच तीन रकान्यांत बसवून पाहावे.