कोलाजमध्ये फोटो आडवा का पडतो आणि रंग फिका का होतो?

साखरपुड्याचे तीन फोटो एका कोलाजमध्ये बसवायचे आहेत. एक आयफोनवर उभा काढलेला, दुसरा अँड्रॉइड फोनवरचा आणि तिसरा फोटोग्राफरच्या डीएसएलआरमधला. वेगवेगळे उघडले तर तिन्ही ठीक दिसतात. कोलाज तयार झाल्यावर मात्र आयफोनचा फोटो आडवा पडलेला असतो आणि एकाच लाल शालूच्या तीन छटा दिसतात.

फोटो खराब झालेले नसतात. प्रत्येक फाइलमध्ये चित्रासोबत काही सूचना असतात. जोडताना चित्र पुढे गेले आणि सूचना मागे राहिल्या की हा घोटाळा होतो.

आडवा पडण्याचे कारण

फोन उभा धरला तरी त्यातला सेन्सर फिरत नाही. त्यामुळे अनेक फोन चित्र आडवेच साठवतात, उदाहरणार्थ 4032 × 3024 पिक्सेल, आणि फाइलच्या एक्झिफ माहितीत ‘ओरिएंटेशन’ या नोंदीत 6 हा आकडा लिहितात. त्याचा अर्थ, दाखवताना चित्र घड्याळाच्या दिशेने 90 अंश फिरवा. गॅलरी हे ऐकते, पण काही कोलाज अ‍ॅप ऐकत नाहीत.

फोटो आडवा पडून डोके डावीकडे आले असेल, तर सूचना वाचलीच गेलेली नाही. तो विरुद्ध बाजूला आडवा, म्हणजे डोके उजवीकडे झाला असेल, तर सूचना दोनदा पाळली गेली आहे. एका सॉफ्टवेअरने चित्र खरोखर फिरवले, पण 6 बदलून 1 केला नाही, म्हणून पुढच्याने ते पुन्हा फिरवले.

रंग बदलण्याचे कारण

पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा हे आकडे म्हणजे स्वतः रंग नव्हे. कोणत्या मापाने ते वाचायचे, हे कलर प्रोफाइल सांगते. वेबवरचे सर्वसाधारण माप एसआरजीबी आहे. 2016 च्या आयफोन 7 पासून आयफोनचे फोटो डिस्प्ले पी3 या मोठ्या मापात असतात. डीएसएलआरमध्ये एसआरजीबी किंवा अ‍ॅडोबी आरजीबी यांपैकी एक निवडता येते.

शालूचा लाल एसआरजीबीमध्ये 255, 0, 0 आहे असे धरू. हुबेहूब तोच लाल डिस्प्ले पी3 मध्ये 234, 51, 35 असा लिहिला जातो, तर अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये 219, 0, 0 असा. कोलाजला मात्र एकच प्रोफाइल असते. अ‍ॅपने हे आकडे न बदलता एसआरजीबी म्हणून वाचले, की आयफोनचा शालू फिकट आणि किंचित केशरी दिसतो, तर डीएसएलआरचा काळपट.

प्रोफाइलचा दोष की प्रकाशाचा?

यासाठी फोटोतला पांढरा सदरा किंवा करडी भिंत पाहावी. या तिन्ही मापांत लाल, हिरवा, निळा हे आकडे समान असले की रंग पांढरा, करडा किंवा काळा असतो. म्हणून प्रोफाइल चुकले तरी पांढरा रंग पांढराच राहतो. गडद, भडक रंग तेवढे बिघडतात. सदराच पिवळट किंवा निळसर दिसत असेल, तर फरक व्हाइट बॅलन्सचा आहे आणि तो वेगळा दुरुस्त करावा लागतो.

दुरुस्ती जोडण्याआधी

फाइलमधल्या सूचना एक्झिफटूलने पाहता येतात:

```
exiftool -Orientation -ColorSpace -InteropIndex -ProfileDescription IMG_2041.JPG
```

आयफोनच्या फोटोसाठी `Rotate 90 CW` आणि `Display P3` असे उत्तर येते. अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवलेले काही कॅमेरे प्रोफाइल जोडतच नाहीत. फक्त `Uncalibrated` आणि `R03` अशी खूण ठेवतात. अशा फाइलचे नाव बहुधा `_` ने सुरू होते.

नंतर प्रत्येक फोटो फोटोशॉपमध्ये वेगळा उघडावा. उघडतानाच तो सरळ होतो. मग `Edit > Convert to Profile` मध्ये sRGB निवडावे. प्रोफाइल नसलेल्या डीएसएलआर फाइलला आधी `Edit > Assign Profile` मधून Adobe RGB (1998) द्यावे आणि मगच रूपांतर करावे. ‘असाइन’ आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते; ‘कन्व्हर्ट’ रंग राखून आकडे बदलते. आयफोनच्या फोटोला थेट sRGB ‘असाइन’ केले, तर कोलाजमधलीच चूक पुन्हा होते.

तिन्ही फोटो याप्रमाणे सेव्ह करून मगच कोलाज करावे. मूळ फाइल मात्र जपून ठेवाव्यात, कारण एसआरजीबीच्या मापात न बसणारे अतिगडद रंग रूपांतरात कापले जातात आणि त्या नव्या फाइलमधून ते परत मिळत नाहीत.