सुपर ओव्हर : फलंदाज, गोलंदाज आणि क्रम यांची निवड

मर्यादित षटकांचा सामना बरोबरीत सुटल्यावर निकालासाठी दोन्ही संघांना मिळणारे एकेक षटक म्हणजे सुपर ओव्हर. मूळ सामन्यात नंतर फलंदाजी केलेला संघ सुपर ओव्हरमध्ये आधी खेळतो. दोन गडी बाद झाले की डाव संपतो, म्हणजे एका संघाचे जास्तीत जास्त तीनच फलंदाज मैदानात येऊ शकतात. सहाही चेंडू एकाच गोलंदाजाने टाकायचे असतात आणि क्षेत्ररचनेवर डावाच्या शेवटच्या षटकासारखेच बंधन असते. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली, तर 2019 पर्यंत चौकार-षटकारांच्या मोजणीवर विजेता ठरत असे. लॉर्ड्सवरच्या विश्वचषक अंतिम सामन्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तो नियम रद्द केला. आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर पुन्हा पुन्हा खेळवली जाते.

सामना संपणे आणि सुपर ओव्हर सुरू होणे यांत थोडीच मिनिटे मिळतात. कर्णधार आणि प्रशिक्षक यांना तेवढ्यात तीन फलंदाज, त्यांचा क्रम आणि एक गोलंदाज ठरवायचा असतो. ‘सगळ्यांत मोठे फटके कोण मारतो’ या प्रश्नापासून बहुतेक चर्चा सुरू होते. सहा चेंडूंच्या डावात मात्र त्याहून नेमका प्रश्न वेगळा आहे : समोरच्या गोलंदाजाचे किती चेंडू कोणाच्या वाट्याला येतील?

पहिला चेंडू स्ट्राइकवरचा फलंदाज खेळतो. त्याने चौकार, षटकार किंवा दोन धावा काढल्या, अथवा चेंडू निर्धाव गेला, तर पुढचा चेंडूही तोच खेळतो. स्ट्राइक बदलते ती विषम धावा पळून काढल्यावर. सुपर ओव्हरमध्ये एकेरी धावेवर कोणी समाधान मानत नाही, त्यामुळे स्ट्राइक फारशी फिरत नाही. 2019 च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडला विजयासाठी 16 धावा हव्या होत्या. जोफ्रा आर्चरच्या पहिल्या वाइडनंतर जिमी नीशमने 2, 6, 2, 2 आणि 1 अशा धावा काढल्या. मार्टिन गप्टिलच्या वाट्याला फक्त शेवटचा चेंडू आला, दोन धावा हव्या असताना. दुसरी धाव घेताना तो धावबाद झाला आणि दोन्ही संघ 15 धावांवर थांबले. गप्टिलची बॅट त्या स्पर्धेत चालत नव्हती, पण तो चपळ धावपटू होता. नॉन-स्ट्रायकरचे काम पळण्याचे असेल तर अशी निवड समजण्यासारखी आहे. फक्त ज्याला पळण्यासाठी उभे केले, त्याच्याच अंगावर शेवटचा चेंडू येऊ शकतो, हे आधी धरून चालावे लागते.

क्रम किती महाग पडू शकतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 6 जून 2024 रोजी डॅलसच्या ग्रँड प्रेरी मैदानावर दिसले. ट्वेंटी-20 विश्वचषकात पाकिस्तानने 7 बाद 159 धावा केल्या आणि अमेरिकेने 3 बाद 159. नितीश कुमारने हारिस रौफच्या शेवटच्या चेंडूवर चौकार मारून बरोबरी साधली होती. नंतर खेळलेला संघ म्हणून अमेरिका सुपर ओव्हरमध्ये आधी फलंदाजीला आली. आरोन जोन्स मूळ डावात 36 धावांवर नाबाद होता. त्याचा हात बसलेला होता, म्हणून तोच पुन्हा गेला. जोडीला हरमीत सिंग हा डावखुरा फलंदाज आला. मुंबईत वाढलेला हा फिरकीपटू 2012 मध्ये युवा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. सामन्याच्या पंधरवडाभर आधीच बांगलादेशाविरुद्ध त्याने 13 चेंडूंत नाबाद 33 धावा करून अमेरिकेला जिंकून दिले होते. एक उजवा आणि एक डावखुरा असला की गोलंदाजाला दिशा आणि क्षेत्ररचना दोन्ही बदलावी लागतात.

पाकिस्तानने चेंडू दिला तो मोहम्मद आमिरला. अनुभव आणि अचूकता पाहता निवड तर्काला धरून होती. पण आमिरने त्या षटकात तीन वाइड टाकले आणि प्रत्येक वाइडवर फलंदाज पळाले. अमेरिकेच्या 18 धावांपैकी 7 धावा वाइडमधून आल्या, बॅटमधून 11. वाइडचे खरे मोल एका धावेहून बरेच जास्त असते. तो चेंडू मोजला जात नसल्याने फलंदाजाला सातवी, आठवी, नववी संधी मिळते. यष्टीरक्षकाच्या हातून चेंडू निसटला किंवा फेक हुकली तर वर आणखी धावा मिळतात. लेग स्टम्पच्या बाहेर किंवा रुंद यॉर्कर टाकण्याची योजना असेल, तर वाइड गेल्यास नॉन-स्ट्रायकर पळेल हे यष्टीरक्षकाला आधी सांगून ठेवायला हवे. डॅलसमध्ये तिथेच पाकिस्तानची तयारी कमी पडली.

उत्तरात पाकिस्तानला 19 धावा हव्या होत्या. गोलंदाज होता सौरभ नेत्रावळकर. मुंबईकडून रणजी खेळून पुढे अमेरिकेत संगणक अभियंता झालेला हा डावखुरा वेगवान गोलंदाज मूळ सामन्यात 4 षटकांत 18 धावा देऊन 2 बळी घेऊन बसला होता. त्या दोघांपैकी एक होता इफ्तिखार अहमद. तरीही पाकिस्तानने स्ट्राइकवर इफ्तिखारलाच उभे केले आणि नॉन-स्ट्रायकर ठेवला फखर झमान. नेत्रावळकरचा चेंडू उजव्या फलंदाजापासून तिरका बाहेर जातो. यष्ट्यांच्या बाहेर, फुल लांबीवर तो टाकत राहिला तर उजव्याला पाय पसरून तो ओढावा लागतो. डावखुऱ्या फखरला तो कोन वेगळा पडला असता. इफ्तिखारने एक चौकार मारला आणि तिसऱ्या चेंडूवर तो झेलबाद झाला.

इथे एक नियम आड आला. ऑक्टोबर 2022 पासून झेलबाद झाल्यावर नवा फलंदाजच स्ट्राइकवर येतो. फलंदाजांनी झेल पकडण्याआधी एकमेकांना ओलांडले असले तरी त्याचा उपयोग होत नाही. शादाब खान आला आणि उरलेले चेंडू त्याच्याच वाट्याला आले. पाकिस्तान 1 बाद 13 वर थांबले. फखरने एकही चेंडू खेळला नाही. हा नियम लक्षात घेतला तर तिसरा फलंदाज राखीव म्हणून नव्हे, तर येताच पहिल्या चेंडूवर मोठा फटका मारणारा म्हणून निवडायचा असतो. आणि ज्याची जुळणी गोलंदाजाशी सर्वांत चांगली, त्याला पहिल्या चेंडूवर स्ट्राइकला उभे करायचे. त्याला दुसऱ्या टोकाला ‘राखून’ ठेवणे म्हणजे बऱ्याचदा त्याला न वापरणेच ठरते.

गोलंदाजाच्या निवडीत मोठे नाव आणि त्या दिवसाचा हात यांत ओढाताण असते. 29 जानेवारी 2020 रोजी हॅमिल्टनमध्ये मोहम्मद शमीने शेवटच्या षटकात 9 धावा राखत सामना बरोबरीत आणला. जसप्रीत बुमराहच्या चार षटकांत मात्र 45 धावा गेल्या होत्या. तरी सुपर ओव्हर बुमराहला मिळाली आणि न्यूझीलंडने 17 धावा काढल्या. रोहित शर्माने टिम साउदीच्या शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार मारले म्हणून ती निवड झाकली गेली. याच्या नेमके उलट 30 जुलै 2024 रोजी पल्लेकेलेत घडले. खेळपट्टी संथ होती, चेंडू हातभर वळत होता. भारताने वेगवान गोलंदाजाऐवजी ऑफस्पिनर वॉशिंग्टन सुंदरला बोलावले. सुरुवातीच्या वाइडनंतर त्याच्या तीन चेंडूंत श्रीलंकेचे दोन गडी बाद झाले आणि डाव 2 धावांत संपला. सुपर ओव्हर म्हणजे यॉर्कर हे समीकरण त्या खेळपट्टीवर लागू नव्हते, आणि कर्णधाराने ते ओळखले. माझ्या मते आधीच्या चाळीस षटकांनी खेळपट्टीबद्दल सांगितलेले ऐकणे हा गोलंदाज निवडण्याचा सर्वांत भरवशाचा आधार आहे.

दुसऱ्या सुपर ओव्हरची शक्यता आली की आणखी एक हिशेब सुरू होतो. पहिलीत टाकलेला गोलंदाज लगेच पुढची टाकू शकत नाही, आणि एखाद्या सुपर ओव्हरमध्ये बाद झालेला फलंदाज पुढच्या सुपर ओव्हरमध्ये खेळू शकत नाही. म्हणजे पहिल्या वेळी सगळे हुकमी खेळाडू वापरले की दुसरीसाठी उरलेल्यांतून निवड करावी लागते. 18 ऑक्टोबर 2020 रोजी दुबईत मुंबई इंडियन्स आणि किंग्ज इलेव्हन पंजाब यांचा 176 धावांवर बरोबरीत सुटलेला सामना याचा नमुना आहे. बुमराहने पंजाबला 2 बाद 5 वर रोखले. के. एल. राहुल आणि निकोलस पूरन दोघेही बाद झाले. मग शमीने यॉर्करवर यॉर्कर टाकत मुंबईलाही 5 धावांवरच थांबवले आणि क्विंटन डी कॉक शेवटच्या चेंडूवर धावबाद झाला. दोन्ही संघांचे हुकमी गोलंदाज संपले. पंजाबचे दोन फलंदाजही गेले.

दुसरीत मुंबईने किरॉन पोलार्ड आणि हार्दिक पंड्या यांना पाठवले. ख्रिस जॉर्डनच्या षटकात 11 धावा निघाल्या. शेवटच्या चेंडूवर मयंक अगरवालने सीमारेषेवर झेप घेऊन चेंडू आत ढकलला नसता तर आकडा आणखी वाढला असता. पंजाबकडे ख्रिस गेल आणि तोच मयंक उरले होते. गेलने ट्रेंट बोल्टच्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला, मयंकने दोन चौकार, आणि चार चेंडूंत सामना संपला. पहिल्या फेरीत राहुल-पूरन गेल्यावरही गेलसारखा फलंदाज पंजाबच्या हातात होता. मुंबईकडे बुमराहनंतर बोल्ट होता, पण त्याला अवघ्या 11 धावांचे संरक्षण करायचे होते.

17 जानेवारी 2024 रोजी बंगळूरुत भारत-अफगाणिस्तान सामन्यात क्रमाचा आणखी एक बारकावा दिसला. पहिल्या सुपर ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर भारताला दोन धावा हव्या होत्या. यशस्वी जैस्वाल स्ट्राइकवर होता. नॉन-स्ट्रायकर रोहित शर्मा स्वतः बाहेर गेला आणि त्याच्या जागी अधिक वेगाने पळणारा रिंकू सिंग आला. एकच धाव मिळाली आणि पुन्हा बरोबरी झाली. दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये रोहितच फलंदाजीला आला आणि तो आधी निवृत्त होऊन बाद झाला होता की नुसता निवृत्त, यावर वाद झाला, कारण बाद धरला असता तर त्याला पुन्हा खेळता आले नसते. भारताच्या 11 धावांना उत्तर देताना अफगाणिस्तानला लेगस्पिनर रवी बिश्नोईने 3 चेंडूंत, अवघी एक धाव देऊन, दोन गडी बाद करत गुंडाळले.